बोअरचे शेवटचे नव्वद मायक्रॉन: होनिंग कसं करायचं, आणि ग्राइंडिंग-लॅपिंग कुठे वेगळं पडतं

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या शेडमध्ये रीबोअरला येणारे बरेच ब्लॉक बोअरिंग बारच्या हातून चांगले निघतात आणि होनिंगवर बिघडतात. साइज बरोबर येते, पण बोअर वर रुंद, खाली आवळलेला किंवा मधे फुगलेला राहतो. मग महिनाभरात इंजिन तेल खायला लागलं की दोष रिंगांवर जातो. होनिंगला लोक ‘फिनिश मारणं’ म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. होन, म्हणजे घासणाऱ्या स्टोनच्या पट्ट्या बसवलेलं, बोअरमध्ये फिरत वरखाली होणारं हत्यार, फिनिश तर देतोच, पण त्याचं खरं काम बोअर गोल आणि सरळ करणं आहे, आणि हे काम स्टोनपेक्षा स्ट्रोकवर जास्त अवलंबून असतं.

उदाहरणाला छोट्या ट्रॅक्टरचा तीन सिलिंडरचा कास्ट आयर्न ब्लॉक घेऊ. मूळ बोअर ८०.०० मिमी, लांबी १४० मिमी. ०.५० ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा आहे आणि तयार बोअर ८०.५०० ते ८०.५२० मध्ये हवा आहे. आपण ८०.५१० वर नेम धरू. (तुमच्या इंजिनाचा आकडा पिस्टनच्या डब्यावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा.) बोअरिंग ८०.४२ वर थांबवलं, म्हणजे होनिंगला व्यासावर नव्वद मायक्रॉन उरले.

ग्राइंडिंगने का नाही?

इंटर्नल ग्राइंडिंगमध्ये चाक सेकंदाला साधारण तीस मीटरच्या वेगाने फिरतं आणि बोअरला एका अरुंद पट्टीवरच टेकतं. बोअर कुठे असेल हे मशीनचा स्पिंडल ठरवतो. त्यामुळे हार्डनिंगमध्ये बुश वाकडातिकडा झाला असेल, किंवा बोअर बाहेरच्या व्यासाशी एककेंद्री हवा असेल, तर ग्राइंडिंगला पर्याय नाही. पण बोअरच्या आत जाणारं चाक लहान आणि त्याला धरणारी क्विल बारीक व लांब असते. जोर आला की ती वाकते, आणि तळाशी बोअर निमुळता राहतो. म्हणून शेवटी चाक आत न सरकवता काही फेऱ्या नुसतं फिरवावं लागतं. त्यात वेग आणि लहानसा संपर्क यामुळे उष्णता एका जागी साठते, आणि हार्ड जॉबवर तपकिरी-निळसर डाग दिसले तर कातडी जळलेली असते.

होनिंगचा हिशेब उलटा आहे. स्टोन मिनिटाला तीस-चाळीस मीटरने फिरतो, म्हणजे ग्राइंडिंगच्या साधारण पन्नासाव्या भागाने. शिवाय तीन-चार लांब स्टोन एकाच वेळी बोअरच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने दाबत असतात, त्यामुळे उष्णता पसरते आणि कातडी जळत नाही. होन किंवा जॉब, दोघांपैकी एक मोकळा, थोडा डुलणारा असतो. म्हणून होन मशीनच्या अक्षाकडे बघत नाही, समोर जे भोक आहे त्याच्यामागे जातो. उंचवटा आला की स्टोनचा दाब तिथे वाढतो आणि तिथलं जास्त घासलं जातं, खड्ड्यावरून तो पुलासारखा पलीकडे जातो.

याच गुणाची एक मर्यादाही आहे. बोअरिंग करताना सिलिंडर क्रँकच्या अक्षाला तिरका बसला असेल किंवा एका बाजूला सरकला असेल, तर होनिंग ती चूक गुळगुळीत करून तशीच ठेवेल. अक्ष सुधारायचा तर परत बोअरिंग, नाहीतर ग्राइंडिंग.

सुरू करण्याआधी

नव्वद मायक्रॉन ठेवण्यामागे कारण आहे. बोअरिंगच्या टूलने पडलेल्या खाचा आणि त्याखाली टूलने दुखावलेला धातू मिळून प्रत्येक बाजूला वीसेक मायक्रॉन जातात. ते सगळं होनने निघालं पाहिजे, आणि बोअरिंगमधली थोडी ओव्हॅलिटीही त्यातच खपली पाहिजे. ०.०३ ठेवलं तर साइज येते, पण खालच्या खाचा शिल्लक राहतात. उलट ०.२० ठेवलं तर स्टोन आणि वेळ दोन्ही वाया जातात.

दुसरी गोष्ट, बोल्टचा ताण. हेड कसलं की बोल्टांजवळ बोअर आत-बाहेर होतो, आणि मोकळ्या ब्लॉकवर गोल केलेला बोअर इंजिन बांधल्यावर गोल राहीलच असं नाही. म्हणून हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट बसवावी: ४० ते ५० मिमी जाडीची, मधे बोअरपेक्षा मोठं भोक असलेली. मधे गॅस्केट घालून, त्याच बोल्टांनी, इंजिनाच्या ठरलेल्या टॉर्कने ती कसायची. मेन बेअरिंग कॅपही टॉर्कवर कसलेल्या असाव्यात. प्लेट बनवायला खर्च येतो हे खरं, पण एकाच मॉडेलचे ब्लॉक सारखे येत असतील तर ती लवकर वसूल होते.

तिसरी गोष्ट, ब्लॉकच्या तळाशी वाकून बघणे. क्रँककेसमधल्या मेन बेअरिंगच्या भिंती बोअरच्या खालच्या तोंडाजवळ आलेल्या असतात. स्टोन बोअरच्या खाली किती बाहेर येऊ शकतो ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. आपल्या ब्लॉकमध्ये ती मोकळीक जेमतेम १५ मिमी आहे. पुढचा सगळा खेळ याच आकड्याभोवती आहे.

स्ट्रोकचा हिशेब

स्टोनची लांबी बोअरच्या साधारण दोन-तृतीयांश असावी, इथे ९० मिमी. फार आखूड स्टोन बोअरच्या लाटांमध्ये खालीवर होत जातो आणि लाटा तशाच ठेवतो. दोन्ही टोकांना स्टोन आपल्या लांबीच्या पाव ते एक-तृतीयांश बाहेर यावा. याला ओव्हररन म्हणतात. वर ३० मिमी घेता येतो, खाली मात्र १५ च मिळतो.

स्ट्रोक = बोअरची लांबी + दोन्ही ओव्हररन − स्टोनची लांबी. म्हणजे १४० + ३० + १५ − ९० = ९५ मिमी.

आता क्रॉसहॅचचा, म्हणजे होनने पडणाऱ्या एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांचा कोन. फिरणं आणि वरखाली होणं यांच्या वेगाच्या गुणोत्तरातून तो ठरतो. रेघांमधला पूर्ण कोन ४५ अंश हवा असेल तर त्याच्या निम्म्याचा, २२.५ अंशाचा, टॅन्जंट ०.४१४ येतो. म्हणजे वरखाली वेग फिरण्याच्या वेगाच्या ०.४१४ पट ठेवायचा. १३० आरपीएमला ८०.५ व्यासाचा परीघवेग मिनिटाला सुमारे ३३ मीटर होतो, तर वरखाली वेग १३.६ मीटर. एका पूर्ण फेरीत (खाली आणि परत वर) १९० मिमी अंतर जातं, म्हणून मिनिटाला सुमारे ७२ फेऱ्या. मशीनची गती तेवढी जात नसेल तर आरपीएम त्याच प्रमाणात खाली आणा. आरपीएम तोच ठेवून फेऱ्या कमी केल्या तर रेघा आडव्या पडतात. फार आडव्या रेघांवर रिंगा उसळतात, फार उभ्या रेघांतून तेल खाली वाहून जातं.

रफ होनिंग, आणि बोअर वाचणं

कास्ट आयर्नला सिलिकॉन कार्बाइड स्टोन, १५० ग्रिट. स्टीलच्या लाइनरला ॲल्युमिनियम ऑक्साइड बरा चालतो. डायमंड स्टोन खूप टिकतात, पण त्यांना जास्त दाब आणि कडक मशीन लागते. तेल मुबलक आणि गाळलेलं असावं. होनिंग ऑइलचं काम थंड करण्याइतकंच स्टोनच्या छिद्रांतून लोखंडाची भुकटी धुऊन काढण्याचं आहे. नुसत्या घासलेटवर काम करणारे अजून दिसतात. ते धुतं चांगलं, पण स्टोनला वंगण देत नाही, आणि वाफेला आग लागण्याचा धोका वेगळा.

वीसेक फेऱ्या मारून थांबा आणि मोजा. वरच्या तोंडापासून १५ मिमी खाली, मध्यावर, आणि खालच्या तोंडाच्या १५ मिमी वर, अशा तीन उंचीवर, क्रँकच्या दिशेला आणि त्याच्या आडवं: एकूण सहा वाचनं. या ब्लॉकवर आडव्या दिशेत असे आकडे येऊ शकतात:

वर ८०.४५२, मधे ८०.४५०, खाली ८०.४३८.

खाली १२ ते १४ मायक्रॉन आवळलेलं आहे. याचं कारण हिशेबात आधीच होतं. खाली ओव्हररन १५ च आहे, म्हणून तळाचा भाग स्टोनखाली कमी वेळ येतो. इथे अनेकजण दाब वाढवतात. त्याने वरचा आणि मधला भाग आणखी मोठा होतो, तळाचा फरक तसाच राहतो. करायचं ते असं: स्ट्रोक ४० मिमीचा करून फक्त खालच्या भागात आठ-दहा फेऱ्या द्या, मग स्ट्रोक परत ९५ वर नेऊन पाच-सहा पूर्ण फेऱ्या, आणि पुन्हा मोजा. पूर्ण फेऱ्या टाळायच्या नाहीत, कारण आखूड स्ट्रोकच्या सीमेवर पायरी उरते. पुढचं वाचन ८०.४६६, ८०.४६५, ८०.४६२ असं आलं तर मार्ग बरोबर आहे, आणखी तीन-चार आखूड फेऱ्या पुरतील. ८०.४७ पर्यंत हे वरपासून खालपर्यंत ५ मायक्रॉनच्या आत आणा. आकार इथेच सुधारून घ्यायचा. बारीक स्टोन इतकं कमी घासतो की त्याने आकार सुधारायला गेलात तर अर्धा दिवस जाईल.

दुसऱ्या आकारांचाही अर्थ असाच स्ट्रोकमध्ये शोधावा. दोन्ही तोंडं मोठी, मधे लहान, म्हणजे बेलमाउथ: ओव्हररन जास्त आहे, स्टोन टोकाशी कलंडतो. मधे मोठं, टोकं लहान, म्हणजे बॅरल: ओव्हररन कमी आहे. दोन दिशांच्या वाचनांत फरक असेल तर ती ओव्हॅलिटी. बोअरिंगमधली असेल तर पूर्ण स्ट्रोकने ती हळूहळू कमी होते. कमी झाल्यावर क्लॅम्प सैल करताच परत आली, तर जॉबच दाबून धरलेला होता. पातळ भिंतीच्या लाइनरला चकच्या तीन जबड्यांत धरलं की हे हमखास होतं. आणि इथे एक फसवणूक आहे: तीन जबड्यांनी तयार झालेला तीन कोनी फुगवटा दोन टोकांच्या डायल बोअर गेजला दिसत नाही, सगळीकडे एकच व्यास येतो. तिथे तीन टोकांचा इंटर्नल मायक्रोमीटर लागतो.

स्टोनकडेही नजर ठेवा. काही वेळाने डायल पुढे सरकत नाही, आवाज चिरका होतो आणि स्टोन काचेसारखा चमकतो. याचा अर्थ स्टोन त्या जॉबला जास्त कडक आहे, बोथट कण गळून नवे बाहेर येत नाहीत. ड्रेसिंग करा किंवा मऊ बाँडचा स्टोन घ्या. स्टोनमध्ये धातूचे चकाकते ठिपके बसले असतील तर तेल कमी पडतंय, आणि तेच ठिपके बोअरमध्ये खोल ओरखडे काढतील. उलट स्टोन पाहता पाहता झिजला तर तो जास्तच मऊ आहे, किंवा दाब अती आहे.

फिनिश आणि प्लॅटो

८०.४७ पासून २२० किंवा २८० ग्रिटने ८०.४९५ पर्यंत जा. आधीच्या रेघा पूर्ण निघाल्या की नाही हे टॉर्च तिरका धरून बघा, एखादी ठळक तिरकी रेघ उरली असेल तर ती १५० ग्रिटचीच. मग ४०० ग्रिटने ८०.५०८.

शेवटचे दोन मायक्रॉन प्लॅटोचे. ताज्या होन केलेल्या पृष्ठभागावर टोकदार सुळके असतात, ते रिंगा पहिल्या काही तासांत घासून काढतात आणि ती भुकटी तेलात जाते. हेच काम आधीच करून घ्यायला अ‍ॅब्रेसिव्ह कणांचा नायलॉन ब्रश किंवा अतिबारीक स्टोन हलक्या दाबाने पंधरा-वीस फेऱ्या चालवायचा. सुळक्यांची टोकं सपाट होतात आणि दऱ्या तेल धरायला तशाच राहतात. जास्त वेळ चालवला तर दऱ्याही नाहीशा होऊन बोअर आरशासारखा होतो. असा चकचकीत बोअर पाहून गिऱ्हाईक खूश होतं, पण त्यात तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

नुसता Ra बघून हे कळत नाही. Ra सरासरी आहे: सुळकेदार पृष्ठभाग आणि सपाट माथ्याचा, खोल दऱ्यांचा पृष्ठभाग या दोघांचा Ra ०.४ च येऊ शकतो. फरक पाहायचा तर Rpk म्हणजे माथ्यावरचे सुळके आणि Rvk म्हणजे दऱ्यांची खोली मोजून घ्या. पहिला लहान, दुसरा मोठा असायला हवा.

नाशिकचं हवामान आणि मायक्रॉन

होनिंग चालू असताना जॉब दहा अंशांनी तापणं साधी गोष्ट आहे. कास्ट आयर्न दर मीटरला दर अंशाला सुमारे ११ मायक्रॉन वाढतं, म्हणून ८०.५ च्या बोअरला दहा अंशांत जवळपास ९ मायक्रॉन. गरम बोअरवर ८०.५१० वाचलं तर थंड झाल्यावर तो ८०.५०१ राहतो, म्हणजे वीस मायक्रॉनच्या टॉलरन्समधला अर्धा भाग नुसत्या उष्णतेने गेला. शेवटच्या टप्प्याआधी तेल चालू ठेवून जॉब निवू द्या, मग मोजा. डायल बोअर गेज ज्या मायक्रोमीटरवर किंवा सेटिंग रिंगवर शून्य करता, ते ब्लॉकजवळ तासभर ठेवा. डिसेंबरच्या सकाळी दार उघडताच, रात्रभर शेडमध्ये गारठलेला ब्लॉक आणि ऑफिसच्या कपाटातला उबदार मायक्रोमीटर यांची सांगड घातली, तर डायल काय दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी हाच फरक उलटा येतो.

काम झाल्यावर बोअर घासलेटने धुवून पुसला की झालं, असं नाही. घासलेट कण हलवतं, पण रेघांमधून पूर्ण उचलत नाही. गरम पाण्यात साबण घालून नायलॉनच्या ब्रशने रगडून धुवा, कोरडं करा आणि तेलात भिजवलेला पांढरा कपडा फिरवा. कपडा करडा निघाला तर परत धुवा. पांढरा राहिला की लगेच तेल लावा. पावसाळ्यात तासाभरातही गंज पकडतो.

लॅपिंग: सहा मायक्रॉनचं काम

होनिंगमध्ये कण स्टोनमध्ये बांधलेले असतात, लॅपिंगमध्ये ते पेस्टमधून मोकळे येतात. लॅप आणि जॉब यांच्यामध्ये पेस्ट असते, आणि लॅप जॉबपेक्षा मऊ हवा, कारण कण मऊ धातूत रुततात आणि कडक धातू घासतात. यावरून लॅपिंग कुठे चालत नाही तेही कळतं. कास्ट आयर्नच्या इंजिन बोअरमध्ये व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट घालून ‘घासून घेतलं’ की कण बोअरच्या भिंतीतच रुततात, आणि पुढे रिंगा त्या भिंतीवर घासत राहतात. साबणाने धुतलं तरी ते निघत नाहीत.

लॅपिंगची खरी जागा आहे हार्डन केलेला लहान बोअर, ज्यात वंगणाची फट काही मायक्रॉनचीच ठेवायची असते: हायड्रॉलिक व्हॉल्व्हची स्लीव्ह, किंवा सातपूरमध्ये बनणाऱ्या डिझेल इंजेक्शनच्या सुया आणि त्यांचे बॉडी.

१६ मिमीची हार्ड स्टीलची स्लीव्ह ग्राइंडिंग आणि होनिंगनंतर १५.९९४ वर आली आहे, तिला १६.००० करायचंय. लॅप बारीक दाण्याच्या कास्ट आयर्नचा, मधून चिरलेला, आत टेपर मँड्रेल, म्हणजे मँड्रेल पुढे सरकवला की लॅप थोडा फुगतो. लॅपवर ६०० ग्रिटची पेस्ट बोटाच्या टोकाएवढीच लावा, सगळीकडे पसरवा आणि जादाची पुसून टाका. मिनिटाला दोनशे फेरे, आणि स्लीव्ह हाताने मोकळी धरून पूर्ण लांबीभर पुढेमागे. लॅप सैल वाटायला लागला की मँड्रेल किंचित पुढे. हाताला घट्ट जाणवतोय पण अडकत नाही, इतकाच ताण हवा.

चार मायक्रॉन गेल्यावर स्लीव्ह आणि हात दोन्ही धुवून, दुसऱ्या लॅपवर १२०० ग्रिटने उरलेले दोन. लॅप दुसराच घ्यायचा, कारण पहिल्यात ६०० चे कण रुतलेले आहेत आणि ते धुऊन जात नाहीत. इथला नेहमीचा दोष बेलमाउथ, आणि त्याचं कारण जादा पेस्ट: ती तोंडाशी जमते आणि तिथेच जास्त घासते. दर थोड्या वेळाने तोंडं पुसा आणि स्लीव्ह उलटी करून बसवा.

तयार पृष्ठभाग निस्तेज, करडा आणि दिशा नसलेला दिसतो, होनिंगसारख्या तिरक्या रेघा नसतात. उरलेली एखादी रेघ दिसली तर ती आधीच्या टप्प्याची, आणि ती काढायला दोन मायक्रॉन पुरणार नाहीत, होनिंगवर परत जावं लागेल. साइज एअर गेजवर, स्लीव्ह थंड झाल्यावर. शेवटी स्लीव्ह उभी धरून तिच्यात बसणारा दांडा, म्हणजे स्पूल, स्वच्छ तेल लावून वरून सोडा. तो आपल्या वजनाने न थांबता सावकाश खाली उतरला पाहिजे. मधेच एका जागी थबकला तर त्या उंचीवर तीन ठिकाणी मोजून बघा.